परिसंवादाची संहिता: जोडवाक्यं, वेळेचे इशारे आणि उपप्रश्न लिहायचे कसे?

रानवारा

एका तासाचा जाहीर परिसंवाद आहे. चार वक्ते, समोर प्रेक्षक, शेवटी प्रश्नोत्तरं. विषय: "जुनी इमारत: दुरुस्ती की पुनर्बांधणी?" व्यासपीठावर एक स्ट्रक्चरल इंजिनिअर, एक आर्किटेक्ट, एक वकील आणि रहिवाशांची बाजू मांडणाऱ्या एक बाई. संचालन माझ्याकडे आहे.

प्रश्न काढून ठेवलेत, चौदा आहेत. अडतंय ते मधल्या जागांवर. एका वक्त्याकडून दुसऱ्याकडे जाताना "धन्यवाद, आता आपण वळूया" याच्यापुढे गाडी जात नाही. कुणी लांबलं तर थांबवायचं कोणत्या शब्दांत? आणि उपप्रश्न तर उत्तर ऐकून सुचायचा असतो, मग तो आधी लिहिणार कसा? जे खरोखर संहिता लिहितात त्यांनी मसुद्याचा तुकडा दाखवला तर फार बरं होईल.

कागदकाम

शब्दनशब्द लिहून काढा. "नमस्कार" पासून "आभार" पर्यंत. जोडवाक्यं, उपप्रश्न, सगळं. मग मोठ्याने वाचून घड्याळ लावा. आयत्या वेळी सुचेल या भरवशावर राहिलं की माणूस पाल्हाळ लावतो, आणि संचालकाचं पाल्हाळ वक्त्याच्या पाल्हाळापेक्षा वाईट दिसतं.

चांदणवेल

जोडवाक्यांसाठी चारोळ्या आणि सुभाषितं जमवून ठेवा. इमारतीवर, घरावर, पायावर भरपूर मिळतील. प्रत्येक वक्त्याआधी एक टाकली की वातावरण हलकं राहतं. परिचयालाही उपयोगी पडतात.

तिसरी घंटा

चांदणवेल, तुम्ही म्हणताय ते सत्कार समारंभाचं निवेदन झालं. तिथे एक भाग संपतो, दुसरा सुरू होतो, मधल्या जागेत चारोळी खपून जाते. परिसंवादात मधल्या जागेत काही संपलेलंच नसतं. एकाचं बोलणं दुसऱ्यावर नेऊन आदळायचं असतं, आणि चारोळी नेमकी तिथेच धक्का शोषून घेते.

कागदकाम यांचं निम्मं पटतं. शब्दशः लिहायच्या जागा फक्त चार: सुरुवातीची दोन मिनिटं, प्रत्येक मुख्य प्रश्न, थांबवण्याची वाक्यं आणि शेवट. जोडवाक्य पूर्ण लिहिलं तर ते फसतं, कारण त्याचा पहिला अर्धा भाग वक्ता काय बोलला यावर ठरतो. तिथे कोरी जागा सोडायची. खाली दाखवतो.

आधी हिशोब, कारण चौदा प्रश्न तासात बसत नाहीत. ६० मिनिटं अशी वाटा:

० ते ३: स्वागत, विषय, चौघांची ओळख (प्रत्येकी एक वाक्य, पदव्यांची माळ नको)
३ ते १४: पहिला भाग, "दुरुस्त होण्याजोगी आहे हे ठरतं कसं?"
१४ ते २६: दुसरा भाग, "निर्णय कोण घेतं आणि तो अडतो कुठे?"
२६ ते ३७: तिसरा भाग, "काम चालू असताना माणसं कुठे?"
३७ ते ५२: प्रेक्षकांचे प्रश्न
५२ ते ५६: शेवटची फेरी आणि आभार
५६ ते ६०: काहीही नाही

ही शेवटची चार मिनिटं कुणालाही सांगायची नाहीत, वक्त्यांना नाही आणि आयोजकांना तर नाहीच. ती राखीव.

आता ११ मिनिटांचा पहिला भाग आतून कसा दिसतो ते बघा. प्रश्न विचारायला २० सेकंद, इंजिनिअरचं उत्तर २ मिनिटं, उपप्रश्न आणि त्याचं उत्तर मिळून १ मिनिट १० सेकंद. आर्किटेक्टकडे वळायला १५ सेकंद, त्यांचं उत्तर २ मिनिटं, पुन्हा उपप्रश्नासह १ मिनिट १० सेकंद. मग उरलेल्या दोघांना एकच समाईक प्रश्न, १५ सेकंद. एकाला दीड मिनिट, दुसऱ्याला एक. बाहेर पडायचं वाक्य २० सेकंद. बेरीज १० मिनिटं. अकरावं मिनिट सांडण्यासाठी.

म्हणजे एका भागात मुख्य प्रश्न दोन आणि समाईक एक. तीन भागांत मिळून नऊ. त्यातही तिसऱ्या भागातल्या दुसऱ्या मुख्य प्रश्नावर आधीच "कापता येईल" असा शिक्का मारून ठेवा. चौदातले बाकीचे फेकू नका, ते प्रेक्षकांच्या वेळेत शांतता पसरली तर कामी येतात.

२० सेकंद म्हणजे किती, याचा अंदाज घ्या. व्यासपीठावरून सावकाश बोलताना मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द जातात, त्यामुळे २० सेकंदांत चाळीसेक. तुमचा वेग वेगळा असेल तर एक परिच्छेद मोठ्याने वाचून मोजून घ्या.

रानवारा

ओळख एका वाक्यात? दोघांनी स्वतःचा परिचय लिहून पाठवलाय, प्रत्येकी पाऊण पान.

तिसरी घंटा

ते पाऊण पान पत्रिकेत छापा किंवा मागच्या पडद्यावर ठेवा. तोंडी फक्त एवढंच: हा माणूस या प्रश्नाकडे कुठून बघतो. "त्या इमारतींच्या चाचण्या करतात आणि अहवालावर त्यांची सही असते." श्रोत्याला यातून कळतं की पुढे यांचं म्हणणं कशाच्या जोरावर येणार आहे. पाऊण पानं वाचत बसलात तर चौघांची ओळख होईपर्यंत सहा-सात मिनिटं जातात, आणि ती पहिल्या भागातून कापली जातात.

एक बारीक गोष्ट, पण सभागृहात लगेच जाणवते. हाक सगळ्यांना एकाच पातळीवर मारा. दोन पुरुष "सर", वकील "साहेब" आणि रहिवासी बाई नुसत्या "ताई", असं आपल्याकडून नकळत होतं. काय म्हणायचं ते ठरवून संहितेच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

हळदुली

जोडवाक्याचा तुकडा दाखवा ना. त्याचीच वाट बघतेय.

तिसरी घंटा

जोडवाक्याचे तीन भाग: पकड, वळण, प्रश्न. पकड कोरी. वळण आणि प्रश्न लिहिलेले.

इंजिनिअरकडून वकिलांकडे जायचंय असं धरा. कागदावर हे असतं:

पकड: "________" हा शब्द आत्ता आला.
वळण: अहवाल काहीही सांगो, पुढचं पाऊल उचलायला संमती लागते.
प्रश्न: वकीलसाहेब, (थांबा) संमती अडते तेव्हा ती बहुतेकदा कोणत्या टप्प्यावर अडते?

इंजिनिअर बोलत असताना तुम्ही एकच काम करायचं: त्यांच्या तोंडचा एक शब्द पकडून त्या रेघेवर लिहायचा. ते म्हणाले, "सळया गंजल्या की वरून गिलावा करून काही होत नाही, आतून उकलत जातं." तुम्ही लिहिलंत "वरून गिलावा". मग वाक्य आपोआप तयार: "'वरून गिलावा' हा शब्द आत्ता आला. अहवाल काहीही सांगो..."

सारांश सांगायचा नाही, शब्द उचलायचा. फरक मोठा आहे. "म्हणजे तुमच्या मते दुरुस्ती हा तात्पुरता उपाय आहे" असा सारांश काढलात की वक्ता म्हणतो, "नाही नाही, मी तसं म्हटलं नाही," आणि पुन्हा दीड मिनिट घेतो. त्यात त्याची चूकही नसते. त्याच्याच तोंडचा शब्द परत दिला तर दुरुस्त करण्यासारखं काही उरत नाही.

दुसरं, कौतुक गाळा. "फारच छान मुद्दा मांडलात" हे एकदा म्हटलं की चौघांनाही म्हणावं लागतं, आणि तिसऱ्यांदा ते पोकळ वाजतं. "धन्यवाद" सुद्धा शेवटी एकदाच.

वळणातही गोम आहे. वळण म्हणजे या वक्त्याकडे आत्ता का जायचं याचं कारण. ते लिहिता येत नसेल तर प्रश्नांचा क्रम चुकलाय, वाक्याला दोष देऊ नका. रानवारा, "आता आपण वळूया" याच्यापुढे तुमची गाडी जात नाही ती यामुळेच असणार. चौदा प्रश्न सुटे सुटे लिहिले गेलेत.

कागदकाम

पकड कोरी ठेवणं हे अनुभवी माणसाला ठीक. नवख्याला ऐकणं, लिहिणं आणि घड्याळ बघणं एकाच वेळी जमत नाही. रेघ रिकामीच राहिली तर काय? पर्यायी वाक्य लिहिलेलं हवंच.

तिसरी घंटा

हो, हे बरोबर. पकड रिकामी राहिली तर ती सोडून थेट वळणापासून सुरू करा: "अहवाल काहीही सांगो, पुढचं पाऊल उचलायला..." वळण असं लिहायचं की ते एकटंही उभं राहील. म्हणून त्यात "त्यामुळे", "यावरून" असे मागचा आधार घेणारे शब्द घालू नका.

घड्याळ बघायचं काम मात्र संचालकाने करायचंच नाही. त्याला वेगळा माणूस.

उलटमोजणी

तिसरी घंटा, तुमच्या तुकड्यात नाव आधी आणि प्रश्न नंतर आहे. माझं मत उलट आहे. नाव शेवटी घेतलं तर चौघंही प्रश्न पूर्ण होईपर्यंत कान टवकारून बसतात. आधी घेतलं की बाकीचे तिघं पाण्याचा ग्लास उचलतात.

तिसरी घंटा

तिघांनी पाणी प्यायलं तर काही बिघडत नाही. पण ज्याला विचारलंय तोच कागद चाळत असेल आणि नाव शेवटी आलं, तर "प्रश्न पुन्हा सांगाल का?" यात अर्धं मिनिट जातं. समाईक प्रश्न असेल तर मात्र तुमची पद्धत चालेल: प्रश्न आधी, नजर दोघांवर, मग नाव.

उलटमोजणी

समाईक प्रश्नापुरतं मान्य. बाकी मी माझ्याच बाजूला.

आता वेळेच्या इशाऱ्यांबद्दल. वेळ बघणाऱ्याकडे तीन पाट्या असाव्यात, ए-४ आकाराच्या, जाड काळ्या मार्करने लिहिलेल्या: "१ मिनिट", "आवरा", "थांबा". "५ मिनिटं" ही पाटी भाषणाला ठीक, दोन मिनिटांच्या उत्तरात तिचा काय उपयोग? पाट्यांवर फक्त रंग नको, दुरून आणि दिव्यांच्या झोतात पिवळा-केशरी ओळखू येत नाही.

माणूस पहिल्या रांगेत मध्ये बसवायचा. कोपऱ्यात बसवला की दोन वक्त्यांना तो दिसतच नाही. आणि संचालकाने व्यासपीठावर मध्ये बसू नये, टोकाला बसावं. टोकावरून चारही चेहरे आणि वेळ बघणारा एका नजरेत येतात. मध्ये बसलं की एकाकडे बघताना दुसऱ्याकडे पाठ.

पाट्या कधी दाखवायच्या ते वक्त्यांना आधी सांगा, आणि त्याहून महत्त्वाचं, पाटी दिसल्यावर त्यांनी काय करायचं तेही सांगा: किंचित मान हलवायची. मान हलली नाही म्हणजे पाटी पोचली नाही. मग पुढचं काम संचालकाच्या तोंडाचं.

हळदुली

आणि ते तोंडाचं काम कसं करायचं? ज्येष्ठ माणूस बोलत असतो, मध्येच तोडायचं म्हणजे...

तिसरी घंटा

तीन पायऱ्या लिहून ठेवा. तिन्ही शब्दशः, कारण ऐनवेळी आवाज कापतो तो वाक्य शोधावं लागतं म्हणून.

पहिली, वेळ संपायला साधारण १५ सेकंद असताना: "यातली एकच गोष्ट सांगून थांबायचं तर कोणती?" हे थांबवणं वाटतच नाही, प्रश्नच वाटतो.

दुसरी, वेळ उलटून २० सेकंद झाल्यावर: "सर, (थांबा) 'गंजलेल्या सळया' इथेच धरून ठेवतो, कारण याच्या खर्चाचं उत्तर तुमच्या शेजारी बसलंय." आणि लगेच शेजाऱ्याचं नाव आणि प्रश्न. मध्ये श्वासही घ्यायचा नाही.

तिसरी, तरीही चालूच असेल तर: "सर, इथे मला थांबवावं लागतंय. प्रेक्षकांच्या वेळेत तुम्ही पहिले." यातलं वचन पाळायचं. त्यासाठी संहितेत प्रेक्षकांच्या भागाच्या डोक्यावर एक रिकामी रेघ: "पहिलं उत्तर: ______".

घुसायचं कुठे, हे शब्दांपेक्षा महत्त्वाचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. "...असं दिसून आलेलं आहे" यातला "आहे" पडला की वाक्य संपलं. त्याच्या लगेच पुढे "आणि" किंवा "पण" येणार असतो. त्या "आणि"च्या आधीची जी फट असते, तीच तुमची. "आणि" उच्चारला गेला की पुढचं पूर्ण वाक्य ऐकावं लागतं. अर्ध्या वाक्यात तोडलं तर वक्ता ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणतो, म्हणजे तोडून वेळ वाढतो.

खुर्चीत पुढे सरकणं आणि माईक तोंडाजवळ नेणं हे "आहे"च्या आधीच झालेलं असावं.

शेवटचा बाक

आमच्याकडे अडचण वेगळी आहे. पाच वक्ते, आणि पाचही जण एकमेकांशी सहमत. मागच्या वेळी चाळीस मिनिटं सगळे "मी यांच्याशी पूर्ण सहमत आहे, फक्त एक जोडतो" असंच म्हणत राहिले. वेळ पाळली, कुणी लांबलं नाही, तरी कार्यक्रम पडला. यावर उपप्रश्न आहे का?

तिसरी घंटा

आहे. "एक जोडतो" म्हटलं की: "ते दोन्ही एकत्र करणं शक्य नसेल, तर आधी काय सोडाल?" सहमती बहुतेक वेळा उद्दिष्टावर असते, क्रमावर नसते. क्रम विचारला की माणसं वेगळी होतात. दुसरा मार्ग म्हणजे स्थिती बदलून विचारणं: "पैसे निम्मेच असतील तर हेच उत्तर?" तरीही सगळे एकच बोलले तर वक्त्यांची निवड चुकली, संहिता त्याला काही करू शकत नाही.

रानवारा

तेच विचारायचं होतं, उपप्रश्न. उत्तर काय येईल ते माहीत नसताना लिहायचे कसे?

तिसरी घंटा

उत्तर माहीत नसतं, पण उत्तराचा प्रकार माहीत असतो. एका मुख्य प्रश्नाला माणूस तीन-चार प्रकारेच उत्तर देतो. प्रत्येक प्रकाराला एक उपप्रश्न.

तुमच्याच विषयावर करून बघू. मुख्य प्रश्न, इंजिनिअरना: "एखादी इमारत दुरुस्त होण्याजोगी आहे, हे तुम्ही कशावरून ठरवता?"

चाचण्यांची यादी आली (हातोडा आपटून कठीणपणा बघणं, काँक्रीटचा गाभा काढून तपासणं, सळईचा गंज मोजणं वगैरे) तर: "यातली एकच करता आली तर कोणती, आणि ती काय सांगू शकणार नाही?"

"प्रत्येक इमारत वेगळी असते" असं मोघम आलं तर: "एकाच वयाच्या दोन इमारती घ्या. एक दुरुस्त झाली, दुसरी नाही. फरक कुठे दिसला?"

ठाम निकाल आला, "पाडलेलीच बरी", तर: "दुरुस्ती पुरेशी ठरते अशी एक स्थिती सांगा."

फार तांत्रिक गेलं तर: "रहिवाशाला स्वतःच्या घरात उभं राहून यातलं काय दिसेल?"

कागदावर हे चार ओळींत, डावीकडे उत्तराची खूण एका शब्दात: यादी / मोघम / निकाल / तांत्रिक. वक्ता बोलायला लागल्यापासून अर्ध्या मिनिटात कळतं कोणती खूण लागू आहे. तिथे बोट ठेवायचं आणि ऐकत राहायचं. बोट ठेवल्यामुळे उपप्रश्नाची काळजी जाते, म्हणून पकडीचा शब्द टिपायला कान मोकळे राहतात. कागदकाम, तुमच्या शंकेचं अर्धं उत्तर यात आहे.

पाचवी ओळ कायम तीच: "उदाहरण द्याल?" चारही फसले तर ती.

उपप्रश्न वीस शब्दांच्या आत, आणि एका वेळी एकच. "फरक कुठे दिसला आणि त्याचा खर्चावर काय परिणाम होतो आणि रहिवाशांना ते कसं समजावता?" असं तिहेरी विचारलं की वक्ता त्यातला सोपा निवडतो. नेहमी.

उलटमोजणी

"का" ने संपणारे प्रश्न टाळा असंही सांगा. "दुरुस्ती परवडते का?" याचं उत्तर "हो, नक्कीच" आणि पुढे शांतता. "दुरुस्ती कोणत्या वेळी परवडत नाही?" याला उत्तर द्यावंच लागतं.

तिसरी घंटा

एक अपवाद. लांबण लावणाऱ्या वक्त्याला हो-नाहीचा प्रश्न मुद्दाम विचारायचा. "म्हणजे या स्थितीत तुम्ही सही कराल का?" त्याने एका शब्दात उत्तर दिलं की सभागृह जागं होतं.

हळदुली

सुरुवातच दहा मिनिटं उशिरा झाली तर? ती तर होतेच.

उलटमोजणी

कापायचं काय ते आधीच लिहिलेलं असलं पाहिजे. तिसरी घंटा यांच्या वाटणीवर हिशोब करा: राखीव ४ गेले, तिसऱ्या भागातला "कापता येईल" शिक्क्याचा प्रश्न आणि त्याचा उपप्रश्न गेला की साधारण साडेतीन मिनिटं, त्या भागाचं सांडायचं मिनिट धरून साडेचार. प्रेक्षकांचे १५ चे साडेतेरा. झाले दहा. सुरुवातीची तीन मिनिटं आणि शेवटची फेरी यांना हात लावायचा नाही. घाईघाईत संपलेला कार्यक्रम लोकांना अर्धवट वाटतो, मधून एक प्रश्न गेलेला कुणाला कळतही नाही.

मी तर संहितेच्या समासात सरळ घड्याळाची वेळ लिहितो, ५:१४, ५:२६ अशी. "चौदावं मिनिट" बघून कुणाला काही सुचत नाही.

तिसरी घंटा

आणि उशीर झाला की तुमच्या सगळ्या वेळा चुकतात, आणि व्यासपीठावर बसून प्रत्येकीत दहा मिळवत बसावं लागतं. संहितेत मिनिटंच लिहायची. घड्याळाची वेळ वेळ बघणाऱ्याच्या कागदावर, आणि तीही पहिलं "नमस्कार" झाल्यावर त्याने पेन्सिलीने भरायची. पाच आकडे भरायला एक मिनिट पुरतं.

उलटमोजणी

मग संचालकाला स्वतःला कधीच कळत नाही आपण कुठे आहोत. सगळा भरवसा समोरच्या माणसावर. तो फोनवर बघत बसला तर?

कागदकाम

या एका बाबतीत मी उलटमोजणी यांच्या बाजूने. मोठे आकडे दिसणारं उलटं मोजणारं घड्याळ व्यासपीठाच्या पायाशी ठेवलं तर दोघांचंही समाधान होईल. फक्त ते प्रेक्षकांना दिसता कामा नये, नाहीतर सगळे आकडेच बघत बसतात.

नभा

ऑनलाइन परिसंवादाला हे सगळं लागू पडतं का? पाट्या तर दाखवता येत नाहीत.

तिसरी घंटा

पाटीऐवजी लिखित निरोप, पण चर्चेच्या खिडकीत नको. तिथे "सर, आवरा" हे एका चुकीच्या निवडीने सगळ्या प्रेक्षकांना जातं. वक्ते आणि संचालक यांचा वेगळा गट दुसऱ्या साधनावर ठेवा, किंवा वेळ बघणाऱ्याने आपल्या कॅमेऱ्यासमोर कागद धरावा.

"आहे" नंतरची फट ऑनलाइन उपयोगी पडत नाही, आवाज पोचायला उशीर होतो आणि दोघं एकदम बोलतात. तिथे फक्त नाव घ्यायचं आणि पूर्ण थांबायचं. नाव ऐकून माणूस थांबतो, मग बोला. प्रश्न विचारतानाही नाव आधीच हवं, कारण बहुतेकांचा माईक बंद असतो. तो चालू करायला लागणारा वेळ प्रश्न ऐकण्यात निघून जातो.

शेवटचा बाक

प्रेक्षकांच्या वेळेत प्रश्नाऐवजी भाषण करणारा एक असतोच. त्याचं काय?

तिसरी घंटा

भाग सुरू करतानाच्या वाक्यात दोन अटी: "एक प्रश्न, अर्ध्या मिनिटात, आणि कोणाला विचारताय ते आधी सांगा." नाव आधी सांगायला लावलं की माणूस प्रश्नाच्याच वाटेवर राहतो. तरी भाषण सुरू झालं तर: "यातला प्रश्न कोणासाठी आहे?" एवढंच, आवाज न चढवता. फिरता माईक स्वयंसेवकाने हातातच धरायचा, प्रेक्षकाच्या हातात द्यायचा नाही. एकदा हातात गेला की परत येत नाही.

आणि ४७ व्या मिनिटाला वेळ बघणाऱ्याने बोटं दाखवायची: दोन. तुम्ही म्हणायचं, "शेवटचे दोन प्रश्न." ते आधी जाहीर केलं नाही तर ५२ व्या मिनिटाला उठलेला हात नाकारावा लागतो, आणि तो नेमका कुणीतरी ज्येष्ठांचा असतो.

नभा

प्रश्न वक्त्यांना आधी पाठवायचे का?

कागदकाम

पाठवावेत. नाहीतर उत्तरं पोकळ येतात.

उलटमोजणी

पाठवले की लिहून आणतात आणि वाचून दाखवतात. मग दोन मिनिटांची चार होतात. विषय पाठवा, प्रश्न नको.

तिसरी घंटा

मुख्य प्रश्न पाठवतो, उपप्रश्न कधीच नाही. आकडे लागणार असतील तर कोणते आकडे लागतील तेही कळवतो. वाचून दाखवणारे वाचतातच, पण उपप्रश्नाला कागद संपलेला असतो.

रानवारा

चौदाचे नऊ केले. वळण लिहायला बसलो तेव्हा तीन प्रश्नांना वळणच सापडेना, म्हणून क्रम फिरवला. रहिवाशांच्या प्रतिनिधींना तिसऱ्या भागाऐवजी पहिल्याच भागात समाईक प्रश्नाला घेतलंय. "रहिवाशाला घरात उभं राहून काय दिसेल" हा उपप्रश्न खरं तर त्यांच्याकडेच जायला हवा असं वाटतंय. इंजिनिअर तांत्रिक गेले की तोच प्रश्न वळवून त्यांना विचारला तर चालेल?

तिसरी घंटा

चालेल, पण उलट्या क्रमाने. आधी त्यांना: "तुम्हाला घरात काय दिसलं होतं?" आणि मग इंजिनिअरना: "हे दिसतं तेव्हा आत काय झालेलं असतं?" पहिल्या उत्तराला एक मिनिटच द्या. तुमच्या सांडायच्या अकराव्या मिनिटातून ते जाईल, म्हणजे त्या भागात दुसरं काही लांबू द्यायचं नाही. वेळ बघणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा.